चावी खिळ्यावर ठेवा

तुम्हाला बढतीचं पत्र मिळालं. अधिपरिचारिकेची परिसेविका झालात. आता वॉर्डात सगळे तुम्हाला इन्चार्ज सिस्टर म्हणतील. स्टॉकच्या वहीवर तुमची सही लागेल आणि औषधांच्या कपाटाची चावी तुमच्याकडे येईल.

त्या चावीबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी इन्चार्ज झाले तेव्हा चावी एप्रनच्या खिशात ठेवायची. घरी जातानाच काय ती जड मनानं दुसऱ्या सिस्टरच्या हातात द्यायची. आधीच्या वॉर्डात इंजेक्शनांचा हिशेब जुळला नव्हता, त्याचा जाब मला द्यावा लागला होता. तेव्हापासून ठरवलं होतं, माझ्या वॉर्डात एक अँप्यूलसुद्धा मला विचारल्याशिवाय हलणार नाही. मुलींनी बीपी घेतलं की मी परत घ्यायची. सलाईनचे थेंब त्यांनी लावले की मी परत मोजायची. याला मी काळजी म्हणत होते.

मग ऑगस्ट २०१९ चा पूर आला.

कोल्हापूरकरांना तो आठवडा सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी. पाणी त्या वर्षी ५५ फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. पाणी उपसायची केंद्रंच बुडाली, म्हणून शहराचे नळ कोरडे पडले. बाहेर सगळीकडं पाणी आणि वॉर्डात हात धुवायला कॅनमधलं पाणी मोजून, अशी गत होती.

आमचा बाळंतिणींचा वॉर्ड. खाटा २४, त्या रात्री बायका ३१. शिरोळकडून येणारी रिलिव्हर आली नाही. करवीरच्या खेड्यातली दुसरीही अडकली. इन्चार्जला नाईट नसते, पण मी थांबले. माझ्याबरोबर दोघी मुली होत्या. एक नोकरीला दोन वर्षं झालेली. धाकटी चार महिन्यांची, ती दुपारच्या पाळीची, सोडायला कुणी नाही म्हणून थांबलेली. एक मावशी. डॉक्टर एकच, आणि ते सिझरला थिएटरमध्ये.

वीज येत-जात होती. जनरेटर थोडा वेळ चालवायचा, मग बंद करायचा, कारण डिझेल पुरवायचं होतं. वॉर्डातला फ्रिज जनरेटरच्या लाईनवर नव्हता.

रात्री साडेनऊच्या सुमाराला नदीकाठच्या गावातली एक मुलगी बाळंत झाली. पहिलं बाळंतपण. वार पूर्ण पडली, टाके नव्हते. दोन तास लेबर रूममध्ये ठेवून साडेअकराला तिला वॉर्डात आणलं.

पाऊण वाजता चार महिन्यांची धाकटी माझ्याकडे आली. मी टॉर्चच्या उजेडात कपाटातून एकेकीला गोळ्या काढून देत होते.

"सिस्टर, सात नंबरला जरा बघा की. पॅड अर्ध्या तासात परत भिजलं. पल्स एकशे बावीस आहे."

"बीपी?"

"एकशे अठरा, शहात्तर."

"मग चांगलंय. पंधरा मिनिटांनी परत बघ."

ती गेली. मी गोळ्या मोजत राहिले. पाचच मिनिटांत ती परत आली. या वेळी तिचा आवाज बारीक झाला होता, पण ती हलली नाही.

"सिस्टर, दुपारी हिला मीच वॉर्डात घेतलं. तेव्हा वरचं एकशे अठ्ठेचाळीस होतं. आठव्या महिन्यापासून गोळी चालू आहे तिला. एकशे अठरा हे हिचं चांगलं नाही ओ."

इथं जरा थांबा. हे वाक्य नीट बघा.

एकशे अठरा हा आकडा कुठल्याही वहीत चांगलाच दिसतो. पण दुपारी जिचं एकशे अठ्ठेचाळीस होतं तिचं तीसनं उतरलं होतं. हे मला माहीत नव्हतं, कारण मी फाईल उघडलीच नव्हती. धाकटीला माहीत होतं, कारण ती दुपारपासून त्या बाईच्या उशाशी होती.

आणखी एक गोष्ट. तरुण बाईचं रक्त जायला लागलं की बीपी लगेच पडत नाही. शरीर बराच वेळ रेटून नेतं. आधी नाडी पळायला लागते. म्हणून बाळंतिणीची नाडी तिच्या वरच्या बीपीला गाठायला लागली, की बीपी कितीही चांगलं दिसो, तुम्ही उठून जायचं. सात नंबरची नाडी वरच्या बीपीच्या पुढं गेली होती. दोन्ही आकडे मला सांगितले होते. मी एकच ऐकला.

मी गेले. चादर बाजूला केली. वर पॅडवर दिसत होतं ते थोडंच होतं. कमरेखाली हात घातला तर मेणकापडावर रक्ताचं थारोळं. पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर पिशवी नारळासारखी घट्ट लागायला हवी, बेंबीच्या खाली. तिची बेंबीच्या वर आली होती आणि मळलेल्या कणकेसारखी मऊ होती.

मी पिशवी चोळायला घेतली. एक हात वर, गोल गोल, जोर लावून. ती आवळते आणि हात काढला की परत सैल पडते. म्हणजे हात काढता येत नाही.

आणि चावी माझ्या खिशात.

"औषधं काढा, ऑक्सिटोसिन लावा," मी ओरडले. दोघी माझ्याकडे बघत उभ्या. त्यांना चावी मागायची सवयच नव्हती, कारण मी वॉर्डात असताना ती कधी दिली नव्हती. शेवटी मीच म्हणाले, "खिशातून घे." धाकटीनं माझ्या एप्रनच्या खिशात हात घातला. चावी रुमालात गुंडाळलेली होती. रुमाल सोडवायला तिला वेळ लागला. तो वेळ किती होता ते मी मोजलं नाही. तिच्या बोटांकडे बघताना मात्र तो मला फार मोठा वाटला.

कपाटातल्या औषधांचं चावीनं भागलं. पण ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये, आणि फ्रिज संध्याकाळपासून बंद. हे औषध दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं असतं. उबेत राहिलं तर त्याचा जोर हळूहळू कमी होतो, आणि अँप्यूलकडे बघून ते कळत नाही.

"फ्रिजमधली नकोत," दुसरी म्हणाली. "मी आठ वाजताच सगळी लसीच्या डब्यात हलवली. बर्फाच्या पिशव्या आहेत त्यात."

तिनं मला विचारलं नव्हतं. आठ वाजता मला हे कळलं असतं तर मी तिला बोलले असते, की स्टॉक कुणाला विचारून हलवलास. एकच्या सुमाराला त्याच डब्यातलं औषध सलाईनमध्ये गेलं.

पुढं आणखी एक झालं. ते सांगायला मला आजही जड जातं.

पिशवी अजून सैलच होती. मी घाईत म्हणाले, "मेथार्जिन भर." वर्षानुवर्षं लेबर रूममध्ये काम केलेलं, ते तोंडातच बसलेलं. दुसरीनं अँप्यूल हातात घेतली होती. धाकटी मध्ये आली.

"नाही ओ सिस्टर. हिला बीपी आहे."

मेथार्जिन रक्तवाहिन्या आवळतं. ज्या बाईला बीपी आहे तिला ते द्यायचं नसतं. बीपी एकदम चढतं, झटका येऊ शकतो, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे मी स्वतः नव्या मुलींना शिकवायचे. आणि पाच मिनिटांपूर्वीच धाकटीनं मला सांगितलं होतं की हिला गोळी चालू आहे. तरी तोंडून गेलंच. रात्री एक वाजता, अंधारात, सोळा तास उभं राहिलेल्या माणसाचं असंच होतं.

ती अँप्यूल ट्रेमध्ये परत गेली.

दुसरीनं थिएटरमधल्या डॉक्टरांना फोन लावला. तिनं काय सांगितलं ते ऐका. "सात नंबर, साडेतीन तासांपूर्वी नॉर्मल डिलिव्हरी, पिशवी मऊ, पल्स एकशे बावीस, बीपी एकशे अठरा, दुपारी एकशे अठ्ठेचाळीस होतं, ऑक्सिटोसिनचं सलाईन चालू केलंय, मेथार्जिन दिलं नाही." एवढंच. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या सांगितल्या, दुसरी मोठी सुई लावायला सांगितली, रक्ताची बाटली मागवायला सांगितली. तिनं प्रत्येक गोष्ट फोनवरच परत म्हणून दाखवली आणि मग ठेवला. रक्त थांबवायचं दुसरं एक इंजेक्शन आहे, ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड. ते बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं तर खरा उपयोग होतो. आमचे तीन तास टळून गेले होते. धाकटी पहिल्यांदा आली तेव्हाही टळलेच होते, हे मी नंतर वहीत बघितलं. तेवढ्यासाठी तरी मला स्वतःला दोष द्यावा लागला नाही.

धाकटीनं लघवीची नळी घातली. सहाशे मिली निघाली. इथंच खरी गोम होती. मूत्राशय भरलेलं असलं की पिशवी वर ढकलली जाते आणि तिला आवळता येत नाही. नळ कोरडे, संडासात पाणी नाही, म्हणून पोरगी बिचारी संध्याकाळपासून उठलीच नव्हती. पुराचं पाणी आमच्या वॉर्डात असं शिरलं होतं.

नळी घातल्यावर काही मिनिटांत पिशवी हाताखाली घट्ट व्हायला लागली.

मी तासभर त्या खाटेपाशी होते. बाकीच्या तीस बायका आणि त्यांची पोरं दुसरीनं सांभाळली. वॉर्मर बंद होते. दोन बाळं वजनानं कमी होती. तिनं ती आयांच्या उघड्या छातीशी बांधली, वर टोपी आणि शाल घातली. मला विचारायला ती एकदाही आली नाही. मावशी टॉर्च धरून उभी होती, तिचा हात एवढासाही हलला नाही.

डॉक्टर आले तेव्हा रक्त जवळजवळ थांबलं होतं. आम्ही भिजलेली पॅडं आणि कपडे बाळांच्या काट्यावर प्लास्टिक अंथरून तोलले. कोरड्याचं वजन वजा केलं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. नऊशेच्या आसपास भरलं. नॉर्मल बाळंतपणात पाचशेच्या वर गेलं की ते जास्त. नजरेनं मी चारशे म्हटलं असतं. नजर बहुतेकदा कमीच सांगते, म्हणून तोलत जा.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

आज ड्युटीवर गेलात की पहिल्यांदा एक ट्रे तयार करा. रक्तस्रावाला लागणारं सगळं एका जागी: मोठ्या सुया, सलाईनचे सेट, लघवीची नळी, हातमोजे, मिसोप्रोस्टॉल, ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये, पण ते कुठल्या कप्प्यात आहे याची चिठ्ठी ट्रेवर. ट्रेला कागदी पट्टी चिकटवा, त्यावर तारीख आणि सही. पट्टी कुणीही फोडावी. फोडणारीनं काम झाल्यावर वहीत लिहावं. पट्टी शाबूत असेल तर तुम्हाला रोज मोजायची गरज नाही. फुटलेली असेल तर कुणी आणि कशासाठी ते वहीत दिसतं. हिशेबाची भीती मलाही होती. त्या भीतीवर कुलूप हा उपाय नाही, वही हा आहे.

कपाटाची चावी नर्सिंग स्टेशनच्या आतल्या खिळ्यावर. ज्या औषधांना नियमानंच कुलूप आणि वेगळी नोंद लागते, त्यांची चावी वेगळी. ती पाळीच्या जबाबदार सिस्टरच्या अंगावर राहू दे आणि ती कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असू दे.

मग काम सोपवायला शिका. "सातकडे लक्ष ठेव" हे सोपवणं नव्हे. त्यातून मुलीला काहीच कळत नाही. असं सांगा: "सातची पल्स आणि पिशवी दर पंधरा मिनिटांनी बघ. पल्स शंभरच्या वर गेली किंवा पॅड अर्ध्या तासात भिजलं तर मला हाक मार, मी कुठंही असले तरी. पिशवी मऊ लागली तर विचारायला येऊ नको, आधी चोळायला घे आणि तिथूनच ओरड." काय बघायचं, कुठल्या आकड्याला बोलवायचं, आणि न विचारता काय करायचं. एवढं सांगितलंत की चार महिन्यांची पोरगीसुद्धा मोठ्या हिमतीनं उभी राहते.

ती दोनदा येऊन तेच सांगत असेल तर दुसऱ्या वेळी हातातलं काम खाली ठेवा. धाकटी माणसं मोठ्यांकडे दुसऱ्यांदा उगाच येत नाहीत. आपण एकदा झिडकारल्यावर परत यायला त्यांना किती बळ एकवटावं लागतं, ते तुम्हीही कधीतरी अनुभवलं असेल. तिसऱ्यांदा ती येणार नाही.

पाळी सुरू होताना सगळ्यांच्या देखत एक वाक्य म्हणा: "मी चुकीचं औषध म्हटलं तर मला तिथंच थांबवायचं." मनात असून चालत नाही, तोंडानं म्हणावं लागतं. आणि थांबवलं तर "बरं झालं" म्हणा. तुमचं चुकलं नसलं तरी म्हणा.

याचा अर्थ डोळे मिटून बसा असा नाही. पहिल्या महिन्यातल्या मुलीला रात्री एकटीला वॉर्ड देऊ नका. शिकाऊ मुलीच्या हातून इंजेक्शन एकटीनं जाता कामा नये. पोटॅशियम, इन्शुलिन, रक्ताची बाटली हे दोघींनी मिळून बघायचं, त्यात तुमचाही अपवाद नाही. तुम्ही भरलेलं इन्शुलिन धाकटीनं बघावं.

आणि न केलेलं काम केलं म्हणून लिहिणारीही कधी भेटते. ती कशी ओळखायची? तक्ता बघा. श्वासाच्या रकान्यात ओळीनं वीस, वीस, वीस, वीस लिहिलं असेल तर ते मोजलेलं नाही. सगळ्या वॉर्डाची नाडी चौऱ्याऐंशी नसते. पण तिला सगळ्यांसमोर वही दाखवून रागावू नका. तिला घेऊन खाटेपाशी जा आणि म्हणा, "चल, दोघी मिळून मोजू." एक मिनिट घड्याळ धरा. तिच्या तोंडून आकडा येऊ दे. रागावलेली मुलगी पुढच्या वेळी आकडे जरा वेगवेगळे लिहील, एवढंच. बरोबर मोजलेली मुलगी मोजायला शिकते.

रात्र जड गेली की सकाळी ओव्हर दिल्यावर दहा मिनिटं बसा. चहा मागवा. आधी सगळ्यात धाकटीला बोलू द्या, तुम्ही शेवटी बोला. तुम्ही आधी बोललात की बाकीच्या फक्त माना डोलावतात. आपली चूक तेवढी आधी सांगा. आमच्या त्या सकाळी मी आधी सांगून टाकलं की पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी गेले नाही. तेवढ्यावर धाकटी रडली. मग म्हणाली, "मला वाटलं मीच चुकीचं मोजलं असेल." चार महिने मी तिचं प्रत्येक बीपी परत घेत होते. तिला स्वतःच्या कानांवर विश्वास कुठून असणार?

सकाळचे आठ वाजले, पण रिलिव्हर काही आली नाही. शिरोलीचं पाणी उतरलं नव्हतं. दुसरी म्हणाली, "सिस्टर, तुम्ही दोन तास आडव्या व्हा. मग आम्ही एकेक जण झोपतो."

मी सांगितलं, "सातची पल्स शंभरच्या वर गेली तर उठव."

"हो."

मी चावी खिशातून काढली. तपासणीच्या खोलीत कॅलेंडरचा एक खिळा होता, त्याला ती अडकवली आणि बाकावर पडले.

दहा वाजता धाकटी आली. पल्स ब्याण्णव, बीपी एकशे बत्तीस, ब्याऐंशी, पिशवी घट्ट, रक्ताची दुसरी बाटली संपत आली. बाळाला अंगावर पाजलं.

मी उठून बघायला जायला निघाले होते. पाय खाली टेकवलाही होता. तो परत वर घेतला आणि तिला म्हटलं, "आता तू झोप. दुसरीला म्हणावं, पुढची पल्स साडेदहाला."